तारीख शिल्लक असताना पिशवीतला पाला बुळबुळीत का होतो, आणि त्यावर नेमके काय करावे

पिशवीवर छापलेल्या तारखेला अजून तीन दिवस बाकी आहेत, पिशवी फोडलेलीही नाही, आणि तरी खालच्या कोपऱ्यात काळपट हिरवे पाणी साचलेले आहे. दोन-चार पाने प्लास्टिकला ओल्या कागदासारखी चिकटली आहेत आणि बोटाने दाबली की पान न राहता लगदा होतो. अशा वेळी पहिला संशय दुकानावर किंवा उत्पादकावर जातो. तो कधी कधी बरोबरही असतो. पण बहुतेक वेळा दोष छापलेल्या तारखेचा नसून त्या तारखेमागच्या अटीचा भंग झालेला असतो. ती अट थंडाव्याची आहे, आणि ती कुठे मोडली हे घरच्या घरी शोधून काढता येते. या लेखात मुख्यतः कोवळ्या पालकाच्या किंवा मिश्र कोवळ्या पानांच्या बंद पिशवीचा विचार केला आहे, कारण बुळबुळीची तक्रार सर्वाधिक तिथेच येते. कापलेले लेट्यूस सहसा आधी कडांना गुलाबी-तपकिरी पडते. कोवळा पालक मात्र रंग फारसा न बदलता थेट लिबलिबीत होतो.

बुळबुळ म्हणजे नक्की काय

पानातल्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या पदार्थाने चिकटलेल्या असतात. जॅम घट्ट होतो तोही याच पेक्टिनमुळे. पानांवर शेतातूनच आलेले काही जिवाणू, त्यांत प्रामुख्याने स्यूडोमोनास आणि काही प्रमाणात पेक्टोबॅक्टेरियम, हे पेक्टिन विरघळवणारी विकरे सोडतात. सांधा सुटला की पेशी कोसळतात, त्यांतला रस बाहेर येतो, त्या रसावर आणखी जिवाणू पोसतात आणि शेजारच्या पानाला स्पर्श झाला की तिथेही हेच सुरू होते. आपल्या बोटाला लागते ती बुळबुळ म्हणजे हा रस, विरघळलेले पेक्टिन आणि जिवाणूंनी स्वतःभोवती तयार केलेला चिकट थर यांचे मिश्रण असते. म्हणूनच ती कधी एका पानापुरती राहत नाही.

कारखान्यात पाने धुतली जातात, पण धुण्याने जिवाणूंची संख्या साधारण दहा ते शंभर पटींनी घटते, शून्य होत नाही. धुण्याच्या पाण्यात जंतुनाशक घालतात ते मुख्यतः एका पानावरचे जंतू पाण्यामार्फत दुसऱ्यावर जाऊ नयेत म्हणून. पिशवीतल्या हवेत ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त राहील अशी योजना अनेकदा केलेली असते. तिच्यामुळे पानांचा श्वसनाचा वेग मंदावतो आणि कापलेल्या कडा तपकिरी पडणे लांबते. स्यूडोमोनासला मात्र त्या हवेचे फारसे काही वाटत नाही. त्याला रोखणारी खरी गोष्ट एकच, ती म्हणजे तापमान, आणि तीही पूर्णपणे रोखत नाही, कारण हा जिवाणू शून्य अंश सेल्सिअसच्या आसपासही सावकाश वाढत राहतो.

तारखेचा हिशेब कसा कोलमडतो

छापलेली तारीख बंद पिशवीसाठी असते आणि ती पिशवी कारखान्यापासून घरापर्यंत ठरावीक थंडाव्यात राहिली असे गृहीत धरून काढलेली असते. हे तापमान बहुधा पिशवीवरच बारीक अक्षरांत दिलेले असते. या जिवाणूंच्या बाबतीत वाढीच्या वेगाचे वर्गमूळ तापमानाबरोबर जवळपास सरळ रेषेत वाढते, आणि हा नियम धरून ढोबळ आकडे काढता येतात. चार अंशांवरचा वेग एक मानला, तर आठ अंशांवर तो सुमारे पावणेदोन पट होतो आणि पंचवीस अंशांवर सात-आठ पट. चार आणि आठ यांत हाताला फरक जाणवत नाही, त्यामुळे तो दुर्लक्षित राहतो, पण पिशवीच्या आयुष्याचा जवळपास निम्मा भाग त्या चार अंशांतच जातो.

माझ्या घरचेच एक उदाहरण देतो. कोवळ्या पालकाची दीडशे ग्रॅमची पिशवी मी सहा दिवसांची तारीख शिल्लक असताना आणली होती. इतर खरेदीसह ती सुमारे दोन तास गाडीत पंचवीस अंशांच्या आसपास होती आणि नंतर फ्रीजच्या मधल्या कप्प्यात गेली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती कोपऱ्यात लिबलिबीत झालेली आढळली. चार अंशांवरचे सहा दिवस म्हणजे 144 तास. गाडीतल्या दोन तासांनी त्यांतले सुमारे पंधरा तास खाल्ले आणि 129 उरले. पुढे तापमापी ठेवून पाहिले तेव्हा तो मधला कप्पा आठ अंशांवर निघाला. 129 ला 1.8 ने भागले की सुमारे 72 तास, म्हणजे तीनच दिवस उरतात. हिशेब इतका नेमका जुळणे हा योगायोगच, कारण पानांवर सुरुवातीला किती जिवाणू होते हे कोणालाच ठाऊक नसते. पण दिशा आणि प्रमाण दोन्ही त्यातून कळतात.

पहिली पायरी: खराबी कुठे आणि कशी सुरू झाली ते पाहणे

पिशवी लगेच कचऱ्यात टाकू नये. ती न फोडता उजेडापुढे धरावी, उलटी करावी आणि खराब पाने नेमकी कुठे आहेत ते पाहावे. पिशवी सगळीकडून सारखीच मलूल झाली असेल, फुग्यासारखी ताठ फुगली असेल आणि फोडल्यावर आंबूस किंवा दारूसारखा वास आला, तर ती बराच वेळ उबेत राहिलेली आहे. उबेत पानांचा श्वसनाचा वेग वाढतो, पण प्लास्टिकमधून आत येणारा ऑक्सिजन त्या प्रमाणात वाढत नाही; तो संपला की पाने ऑक्सिजनशिवाय जगू पाहतात, आत आंबण्याची क्रिया सुरू होते आणि पिशवी वायूने भरते. थोडी फुगलेली पिशवी मात्र पुष्कळदा तशीच बनवलेली असते, त्यामुळे शेजारच्या पिशव्यांशी तुलना केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

खराब पाने फक्त खालच्या शिवणीजवळ किंवा प्लास्टिकला टेकलेल्या बाजूला असतील, आणि आतून पाण्याचे थेंब दिसत असून मधली पाने कोरडी व ताजी असतील, तर कारण साचलेले पाणी आहे. ते धुतल्यानंतर नीट न निथळल्यामुळे राहिलेले असते, किंवा पिशवी थंडीतून उबेत आणि पुन्हा थंडीत गेल्यामुळे आत दव धरलेले असते. दुसऱ्या प्रकाराचा उगम पुन्हा तापमानाच्या चढउतारातच आहे.

तिसरा प्रकार ओळखायला सोपा आहे, पण त्याचा दोष हमखास चुकीच्या माणसावर जातो. एकाच बाजूचा पट्टा काचेसारखा पारदर्शक, गडद हिरवा आणि ओला दिसतो, सुरुवातीला वास अजिबात नसतो, आणि त्या पट्ट्याचा आकार पिशवी जिथे टेकली होती त्या भिंतीशी जुळतो. ही पाने गोठून पुन्हा सुटलेली असतात. बर्फाच्या कणांनी पेशी फुटल्या की जिवाणूंचे काम आधीच झालेले असते, आणि एका दिवसात त्या पट्ट्याची बुळबुळ होते. अशा वेळी फ्रीज आणखी थंड करणे हा उलटा उपाय ठरतो.

दुसरी पायरी: फ्रीजमधली जागा मोजणे

फ्रीजच्या आतल्या बटणावरचे एक ते पाच हे आकडे सहसा अंश नसतात. ते फक्त थंडाव्याचा जोर दाखवतात, आणि बऱ्याच फ्रीजमध्ये मोठा आकडा म्हणजे जास्त थंडावा असतो. त्यामुळे बटण चारवर आहे म्हणून आत चार अंश आहेत असे समजणे ही फार सर्वसामान्य चूक आहे. त्यासाठी एक साधी स्वयंपाकघरातली किंवा फ्रीजची तापमापी घ्यावी. ती हवेत लटकवली तर दार उघडताच आकडा उडी मारतो. म्हणून ती पेलाभर पाण्यात बुडवून ज्या जागी पिशवी ठेवतो तिथे रात्रभर ठेवावी आणि सकाळी दार उघडल्याबरोबर वाचावी. पाण्याचे तापमान सावकाश बदलते, त्यामुळे तो आकडा पिशवीच्या गाभ्याने प्रत्यक्ष अनुभवलेल्या तापमानाच्या जवळ असतो. सकाळचा आकडा हा दिवसातला बहुधा सर्वांत चांगला असतो, हेही लक्षात ठेवावे. स्वयंपाकाच्या धामधुमीनंतर संध्याकाळी पुन्हा एकदा वाचला तर खरी परिस्थिती समजते.

हे मोजमाप निदान तीन जागी करावे: मधला कप्पा, खालचा कप्पा आणि भाजीचा ड्रॉवर. दार मोजायचीही गरज नाही, तिथे पालेभाजी ठेवूच नये. आपल्याला हवी असलेली जागा म्हणजे जिथे तापमान एक ते चार अंशांच्या दरम्यान टिकते, पण जिथे मागच्या भिंतीवर बर्फ किंवा दव धरत नाही. माझ्या फ्रीजमध्ये ती खालच्या कप्प्याच्या मध्यभागी, भिंतीपासून चार बोटे अलीकडे निघाली. तिथे तीन अंश होते, ड्रॉवरमध्ये सहा आणि मधल्या कप्प्यात आठ. भाजीच्या ड्रॉवरची रचना ओलावा टिकवण्यासाठी असते आणि सुट्या पालेभाजीला तो उपयोगी पडतो. बंद पिशवीत ओलावा आधीच भरपूर असतो, तिला थंडावा हवा असतो. म्हणून ड्रॉवर आणि कप्पा यांत फरक आढळला तर माझे मत थंड जागेच्या बाजूने आहे.

या मोजमापानंतर मी एकाच तारखेच्या आणि एकाच तुकडी क्रमांकाच्या दोन पिशव्या आणल्या, या वेळी बर्फाच्या थैलीसह, आणि एक मधल्या व एक खालच्या कप्प्यात ठेवली. मधली चौथ्या दिवशी कोपऱ्यातून सुटली. खालची छापलेल्या तारखेपर्यंत टिकली, तीन पाने काढावी लागली इतकेच. दोन पिशव्यांचा प्रयोग म्हणजे शास्त्र नव्हे, पण ज्याला दोष दुकानाचा की आपला हे ठरवायचे आहे त्याच्यासाठी याहून स्वस्त चाचणी मला माहीत नाही.

तिसरी पायरी: निवड आणि घरापर्यंतचा प्रवास

दुकानात तारीख पाहण्याआधी पिशवीचा तळ पाहावा. कोपऱ्यात रंगीत पाणी असेल, पान प्लास्टिकला चिकटून अर्धपारदर्शक झाले असेल किंवा आतून थेंबांची दाट जाळी असेल, तर तारीख कितीही पुढची असली तरी ती घेऊ नये. मिश्र पानांच्या पिशवीत सगळ्यांत नाजूक पान आधी जाते, म्हणून त्यातला पालक किंवा कोवळी बीटची पाने नीट न्याहाळावीत. जाड देठाचे लेट्यूस टवटवीत दिसले म्हणून फसू नये. समोरून उघड्या असलेल्या थंड कपाटात अगदी पुढच्या ओळीतल्या आणि रचून उंच झालेल्या ढिगातल्या पिशव्यांना दुकानातली उबदार हवा लागते. हात थोडा आत घालून मधल्या ओळीतली घ्यावी, मात्र मागच्या थंड हवेच्या झोताला चिकटलेली घेऊ नये.

पिशवी सर्वांत शेवटी उचलावी आणि प्रवास अर्ध्या तासाहून मोठा असेल तर उष्णतारोधक थैलीत ठेवावी. बर्फाच्या वीटेला ती थेट टेकू देऊ नये, मध्ये कापडाची घडी असावी. एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही: सैल पानांच्या मध्ये अडकलेली हवा रजईसारखी वागते, त्यामुळे एकदा उबलेला पिशवीचा गाभा फ्रीजमध्ये ठेवल्यावरही गार व्हायला बराच वेळ घेतो. म्हणजे दोन तासांच्या उबेचे नुकसान त्या दोन तासांत संपत नाही.

चौथी पायरी: घरी आल्यावर फोडावी की नाही

याबाबत दोन टोकाचे सल्ले ऐकू येतात. माझे मत असे की कोरडी, थंड आणि आतून थेंब नसलेली पिशवी वापरायच्या वेळेपर्यंत बंदच ठेवावी, कारण आतल्या हवेचा जो काही फायदा आहे तो फोडताच संपतो. एकदा फोडली की छापलेल्या तारखेचा आधार उरत नाही, आणि दोन ते तीन दिवसांत पाने संपवणे इष्ट. उलट, आत थेंब दिसत असतील, प्रवासात ऊब लागली असेल किंवा एखादे पान आधीच संशयास्पद असेल, तर ती त्याच दिवशी फोडणे फायद्याचे ठरते, कारण तेव्हा आतल्या हवेपेक्षा आतले पाणी महत्त्वाचे असते.

फोडल्यावर हात स्वच्छ धुऊन पाने कोरड्या, धुतलेल्या सुती कापडावर किंवा कागदी टॉवेलवर एकेरी थरात पसरावीत. फार वेळ नको, पाच-दहा मिनिटे पुरेत, नाहीतर ती उबतात. ज्या पानाला बुळबुळ आहे ते आणि त्याला प्रत्यक्ष चिकटलेली पाने काढून टाकावीत; अशी पाने निघाली तर उरलेली साठवू नयेत, त्यांचे काय करावे ते पाचव्या पायरीत सांगितले आहे. मुडपलेली व चिरडलेली पानेही वेगळी करून आधी वापरावीत, कारण फुटलेल्या पानाचा रस हेच पुढच्या खराबीचे खाद्य आहे. मग उथळ डब्यात तळाला कागदी टॉवेल घालून पाने न दाबता भरावीत, वर दुसरा टॉवेल ठेवावा आणि झाकण लावावे. येथे हेतू पाने वाळवण्याचा नसतो. आतली हवा दमट असलेली बरी, नाहीतर पाने सुकतात. फक्त पानाच्या पृष्ठभागावर द्रवरूप पाणी राहता कामा नये, आणि ते काम कागद करतो. कागद हाताला ओला लागला की बदलावा, पहिल्या दोन दिवसांत बहुधा एकदा तरी लागतो.

पाने साठवण्याआधी धुऊ नयेत. पिशवीवर धुतलेली व थेट खाण्यायोग्य असे लिहिलेले असेल तर खाण्याआधीही पुन्हा धुण्याची गरज नसते. घरच्या सिंकमधले किंवा कापायच्या फळीवरचे जंतू पानांवर येण्याचा धोका त्यातून उलट वाढतो. तसे लिहिलेले नसेल तर लागतील तेवढीच पाने वाहत्या पाण्याखाली वापरण्यापूर्वी धुवावीत.

पाचवी पायरी: काय ठेवावे, काय टाकावे

बुळबुळ करणारे जिवाणू बहुतेक वेळा माणसाला आजारी पाडणारे नसतात, आणि म्हणून बुळबुळ धुऊन उरलेले पान खाण्याचा मोह होतो. त्यात दोन अडचणी आहेत. आजारी पाडणारे साल्मोनेला, ई. कोलाय किंवा लिस्टेरिया पानावर असले तरी ते रंग, वास किंवा बुळबुळ यांतून स्वतःची खबर देत नाहीत, आणि यांतला लिस्टेरिया फ्रीजच्या थंडाव्यातही वाढू शकतो. शिवाय ब्रिटनमधील लेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी 2016 मध्ये दाखवले की फुटलेल्या किंवा चिरडलेल्या सॅलडच्या पानांतून झिरपलेला रस अल्प प्रमाणात असला तरी साल्मोनेलाची वाढ वाढवतो. म्हणजे पिशवीच्या तळाशी साचलेले ते हिरवे पाणी निरुपद्रवी घाण नाही.

व्यवहारात मी अशी रेषा आखतो. पिशवीत रंगीत पाणी साचले असेल, आंबूस वास असेल किंवा बुळबुळ एकाहून अधिक जागी असेल, तर पूर्ण पिशवी टाकतो. एखाद-दुसरे पान एका कोपऱ्यात गेले असेल आणि बाकीची कोरडी, कडक, वासरहित असतील, तर ते व शेजारची काढून उरलेली त्याच दिवशी शिजवून वापरतो. घरात गरोदर स्त्री, वृद्ध, तान्हे मूल किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेली व्यक्ती असेल, तर ही सवलतही घेऊ नये. एका पानाला बुळबुळ दिसली तरी पूर्ण पिशवी टाकावी. नुसती मलूल झालेली, पण कोरडी पाने हा वेगळा प्रकार आहे. त्यांतले पाणी कमी झालेले असते इतकेच, आणि ती शिजवायला हरकत नसते.

दोष आपला नाही असे निघाले तर

फ्रीजमधली जागा मोजून चार अंशांच्या आत आहे, प्रवास लहान होता, आणि तरी न फोडलेली पिशवी तारखेआधी गेली, तर थंडाव्याची साखळी आपल्यापर्यंत येण्यापूर्वीच तुटली होती असे मानायला जागा आहे. अशी पिशवी फोडू नये, कारण फोडलेल्या पिशवीबद्दल काहीच सिद्ध करता येत नाही. तारीख आणि तुकडी क्रमांक स्पष्ट दिसेल असे एक छायाचित्र, तळातल्या पाण्याचे एक आणि बिल एवढे जवळ ठेवून शक्यतो त्याच दिवशी दुकानात जावे. तिथे त्याच क्रमांकाच्या इतर पिशव्या अजून मांडलेल्या असतील तर त्यांचे तळ पाहून घ्यावेत. त्यांतही पाणी दिसले तर बिघाड त्या तुकडीत किंवा त्या कपाटात आहे. त्या स्वच्छ असतील, तर आपल्या पिशवीची शिवण बोटाने दाबून पाहावी. बारीक छिद्रातून हवा सुटत असेल तर ती एकटीच पिशवी सदोष होती.